चुकलेलं रीडिंग आणि बनवलेलं रीडिंग

आमच्या लॅबमध्ये या दोन्हींना एकच शब्द आहे: 'ॲडजस्ट'. मला तो शब्द आता सहन होत नाही. एकदा मीही 'ॲडजस्ट' केलं. ते नेमकं काय होतं हे स्वतःला समजावं म्हणून आज लिहायला बसलोय.

चुकलेलं रीडिंग सगळ्यांना माहीत असतं. तोटी बंद करायला उशीर झाला, ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला, डोळा पातळीत नव्हता. ते एका रेघेनं खोडायचं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि पुढचं घ्यायचं. पहिलं पायलट रीडिंग सोडून देणं हीसुद्धा लबाडी नाही, कारण ते अंदाजापुरतंच आहे हे आधीच ठरलेलं असतं. मित्राच्या जर्नलमधून आकडे उतरवणं तर उघड कॉपी आहे. त्याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो माझ्यासारख्या ठिकाणी. प्रयोग होता पाण्याची कठीणता काढण्याचा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गावात अजून बोअरवरच भागतं. त्याच बोअरचं पाणी मी बाटलीत भरून नेलं. ५० मिली पाणी, त्यात अमोनिया बफर, रंग दाखवायला चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं.

माझी रीडिंगं आली १७.२, १८.६ आणि १७.९ मिली. त्यांत ०.१ च्या वर फरक चालत नाही, इथं १.४ चा होता. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा धरला तर हे अठ्ठावीस थेंब होतात. तास संपत आला होता. शेजारचा म्हणाला, "आरं सरासरी काढ अन् तीच लिही तिन्हीकडं. सगळेच करतेत." सरासरी बरोबर १७.९ आली. मी १७.९, १७.९, १७.९ लिहिलं, सी.बी.आर. म्हणजे जुळलेलं रीडिंग १७.९, कठीणता ३५८ मिलिग्रॅम प्रति लिटर. सही मिळाली, मार्कही पूर्ण मिळाले.

महिनाभर मी स्वतःला सांगत होतो की उत्तर तर खोटं नाही, सरासरी खरीच आहे. १७.२ धरलं तर ३४४ येतं, १८.६ धरलं तर ३७२. भारतीय मानकात २०० पर्यंत उत्तम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. कुठलाही आकडा घेतला तरी निष्कर्ष तोच. मग बिघडलं काय?

माझी गफलत इथंच होती. मी फक्त शेवटचा आकडा तपासत होतो. पण तक्त्यात तीन ओळी असतात त्या उत्तरासाठी नसतात. 'मी हे तीनदा केलं आणि तिन्ही वेळा जुळलं' अशी ती साक्ष असते. माझी साक्ष खोटी होती. तीन रीडिंगं लिहून खाली सरासरी काढली असती, तर मार्क गेले असते, पण ते चुकलेलं काम ठरलं असतं. तीच सरासरी तीनदा लिहिली, म्हणून ते बनवलेलं झालं. आकडा तोच, १७.९.

शिवाय न जुळणं काहीतरी सांगत होतं. बफरच्या बाटलीला बूच नव्हतं. अमोनिया उडून गेला की पीएच दहाच्या खाली येतो, आणि रंग एकदम न बदलता लाल, जांभळा, निळा असा रेंगाळतो. मी दर वेळी वेगळ्या जांभळ्यावर थांबलो होतो. हे माझ्या तक्त्यातून सरांना कळायला हवं होतं. मी ती खूणच पुसली. माझ्यानंतरच्या बॅचनंही तीच बाटली वापरली.

हे सगळं सुचलं ते दादांमुळं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "आपल्या बोअरचं पाणी कसं हाय रे?" मी ठासून सांगितलं, तीनशे अठ्ठावन्न. त्यांनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, बोअर किती फूट, मोटार कधी जळाली, त्या नोंदींच्या शेजारी. त्या ओळीतली बाकीची प्रत्येक नोंद त्यांनी डोळ्यांनी बघून केलेली आहे.

खरी तीन रीडिंगं माझ्या रफ वहीच्या मागच्या पानावर अजून आहेत. काल सरांना ती दाखवली. ते बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिले, मग म्हणाले, गुरुवारी नवा बफर बनवू, ताजं पाणी घेऊन ये. जर्नलमधल्या मार्कांचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रात्री दादांना फोन करून ३५८ खोडायला सांगितलं. "मग काय लिहू?" त्यांनी विचारलं. म्हटलं, गुरुवारपर्यंत जागा मोकळी ठेवा.