काम आटलंय की पैसे अडकलेत? नोकरीकडे परतण्याआधी तपासायची गोष्ट

तीन महिने खात्यात नीट काही जमा झालं नाही की फ्रीलान्सरच्या घरात एकच विषय निघतो: आता नोकरी बघावी का? मी छत्रपती संभाजीनगरात हिशेबाचं काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत डिझायनर, ड्राफ्ट्समन, वेबसाइट करणारे बरेच आहेत. त्यांना मी आधी एकच विचारतो. काम आटलंय, की केलेल्या कामाचे पैसे अडकलेत? पासबुकात दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात, पण काम आटलं असेल तर नोकरी हा उपाय असू शकतो, पैसे अडकले असतील तर बहुधा नसतो.

समजा दोघी डिझायनर आहेत. दोघींच्या खात्यात जुलै ते सप्टेंबरमध्ये ५४,००० रुपये आले. गेल्या वर्षी याच तिमाहीत दोन लाखांच्या वर आले होते. पहिली जालन्याच्या तीन-चार बियाणे कंपन्यांची पाकिटं आणि माहितीपत्रकं करते. दुसरीकडे एक मोठी बियाणे कंपनी आणि लातूरचे काही क्लासेस आहेत. आता पासबुक बाजूला ठेवून वही उघडू.

| जुलै–सप्टेंबर | पहिली | दुसरी |
|---|---|---|
| नव्याने पक्कं झालेलं काम | १,८०,००० | ३८,००० |
| पाठवलेली बिलं | १,९०,००० | ५०,००० |
| खात्यात जमा | ५४,००० | ५४,००० |

जमा ही सगळ्यात उशिरा हलणारी ओळ आहे. आज आलेला पैसा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या कामाचा असतो. पुढचं सांगते ती सगळ्यात वरची ओळ, आणि नेमकी तीच बहुतेक जण लिहून ठेवत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर "करून टाका" आलं, त्या दिवशी तारीख आणि रक्कम वहीत टाकायची, एवढंच ते काम आहे.

तुलनाही मागच्या तिमाहीशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. खरिपाची पाकिटं उन्हाळ्यात डीलरकडे जायची असतात, म्हणून त्यांचं डिझाइन आणि छपाई हिवाळ्यापासूनच सुरू होते. क्लासेसची जाहिरात निकाल आणि प्रवेशाच्या दिवसांत उसळते. पेरणी उरकली की न खपलेलं बियाणं डीलरकडून परत येतं आणि मग हिशेब मिटतात. पाऊस लांबला, दुबार पेरणीची पाळी आली, की हा हिशेबही लांबतो आणि पाकिटं करणाऱ्याचं बिल खाली दबून राहतं. पहिलीचं असंच झालं.

अडकलेला पैसा खरंच येणारा आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. आयकराच्या पोर्टलवर आपला २६एएस उघडा. ग्राहकाने टीडीएस कापून भरला असेल आणि तिमाहीचं विवरण दिलं असेल, तर ती रक्कम तिथे दिसते. टीडीएस पैसे देताना किंवा बिल खात्यात नोंदवताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणून पैसे आले नाहीत पण टीडीएस दिसतोय, याचा अर्थ तुमचं बिल त्यांच्या वहीत देणं म्हणून चढलंय. तो ग्राहक उशीर करतोय, नाकारत नाहीये. टीडीएस दिसत नाही म्हणून लगेच घाबरू नका. वर्षभराची रक्कम मर्यादेखाली असेल किंवा त्यांचं विवरण राहिलं असेल, तरीही तो दिसत नाही. पण मोठं बिल, तिमाही उलटली, विवरणाची मुदतही गेली आणि तिथे काहीच नाही, तर बिल मंजूर झालंय का हे अकाउंट्सला फोन करून विचारा. साहेबांना नव्हे, अकाउंट्सलाच.

उद्यम नोंदणी असेल तर हातात आणखी एक गोष्ट येते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की ही मुदत उलटल्यावर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा मिळतो. त्यामुळे ३१ मार्चआधी कंपन्यांचे अकाउंटंट अशी बिलं स्वतः शोधतात. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असू द्या. नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा, कारण नंतरची नोंदणी मागच्या बिलांना लागू पडते का यावर कोर्टात वाद झालेले आहेत. तक्रारीचा मार्ग आहे, पण तो ग्राहक तुटला तरी चालेल अशा वेळीच धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलीने या तिमाहीला घाबरून नोकरी धरली, तर भरलेली ऑर्डर सोडून ती पगाराला लागेल. तिला गरज आहे ती नव्या कामावर ४० टक्के आगाऊ घेण्याची आणि वसुलीसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस ठेवण्याची.

दुसरीचं दुखणं वेगळं आहे. तिचं निम्म्याहून जास्त काम देणाऱ्या कंपनीने स्वतःचा डिझायनर नेमला. ते काम लांबलेलं नाही, गेलेलं आहे. वसुली कितीही केली तरी वरची ओळ भरणार नाही. तिला वाळूजमधल्या पॅकेजिंग कारखान्यातून वर्षाला ४,८०,००० सीटीसीचा देकार आला असं धरू.

महिन्याला ४०,००० ऐकून लगेच तिमाहीच्या जमेशी तुलना करू नका. बेसिक २०,००० आणि पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला, तर कंपनीच्या वाट्याचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीची साधारण ९६० ची तरतूद सीटीसीतच असते. तुमच्या पीएफचे आणखी १,८०० आणि व्यवसायकराचे २०० कापले जातात. हातात येतात ३५,२०० च्या आसपास. पीएफ तुमचाच आहे, तो जमेतच धरा. ग्रॅच्युइटी मात्र सहसा पाच वर्षं टिकलात तरच.

आता उलटं गणित. नोकरीत जे कंपनी देते ते फ्रीलान्समध्ये स्वतः भरावं लागतं: सॉफ्टवेअर, नेट, जालन्याच्या फेऱ्या, लॅपटॉपची झीज, आरोग्य विमा. तिचे हे महिन्याला ८,००० होतात, वर्षाला ९६,०००. म्हणजे नोकरीच्या बरोबरीला यायचं तर वर्षाला ५,७६,००० ची बिलं हवीत. गेल्या चार तिमाहींत तिची बिलं १,७०,०००, २,३०,०००, ९०,००० आणि ५०,००० अशी, एकूण ५,४०,००० झाली. कमी आहेतच, आणि यातला मोठा भाग त्या गेलेल्या ग्राहकाचा आहे. पहिलीची याच वर्षाची बिलं सात लाखांवर जातात. म्हणून एकाच देकाराचं उत्तर दोघींसाठी वेगळं आहे.

या दुसरीजवळ १,८०,००० शिल्लक आहे. घर आणि धंदा मिळून महिन्याला ४०,००० लागतात, येतात १८,०००. दर महिन्याला २२,००० ची तूट, म्हणजे आठ महिने. पण निर्णय आठव्या महिन्यात घेता येत नाही. मुलाखती, रुजू होणं, पहिला पगार यातच दोन-तीन महिने जातात, आणि पैसे संपत आल्यावर माणूस पगारावर घासाघीस करू शकत नाही. चार महिन्यांची शिल्लक उरेल तोवर नवे ग्राहक शोधा. तोवर वरच्या ओळीत महिन्याला ५०,००० च्या आसपास काम सलग दोन महिने लागलं नाही, तर नोकरी घ्या.

घेताना नियुक्तिपत्रातली दोन कलमं सहीआधी वाचा. एक, बाहेरचं काम करायला बंदी आहे का. लातूरचे क्लासेस रविवारी सांभाळायचे असतील तर त्याची परवानगी ईमेलवर लेखी घ्या, तोंडी नको. दुसरं, नोटिशीचा काळ. तो तीन महिन्यांचा असेल तर पुढच्या हंगामाचं मोठं काम चालून आलं तरी तुम्ही वेळेत सुटू शकणार नाही. एक महिन्याचा मागा. लहान कारखान्यांत तो बऱ्याचदा मिळतो.