रिस्टोअरिंग आणि नॉन-रिस्टोअरिंग: चार बिटच्या भागाकारामागची पार्श्वभूमी

पुण्यात कॉम्प्युटर किंवा ईअँडटीसी करणाऱ्या कुणालाही सेकंड इयरच्या ओरलला हा प्रश्न पडतोच, की रिस्टोअरिंग आणि नॉन-रिस्टोअरिंग डिव्हिजनमधला फरक सांगा. उत्तरही सगळ्यांचं ठरलेलं, "सर, नॉन-रिस्टोअरिंगमध्ये रिस्टोअर करत नाहीत म्हणून ते फास्ट." मार्क मिळतात, पण रिस्टोअर न करता उत्तर बरोबर येतंच कसं हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. खरं तर आख्ख्या विषयातली सगळ्यात छान गोष्ट तिथेच आहे, आणि ती कळायला दोन्ही पद्धती कुठून आल्या ते बघावं लागतं.

शाळेत आपण भागाकार करतो तेव्हा भाजक बसतो की नाही ते आधी नजरेनेच बघतो. १ मध्ये ३ बसत नाही, पुढचा अंक खाली घ्या. मशीनला ही नजर नाही, तिला वजाबाकी करूनच बघावं लागतं, आणि उत्तर मायनस आलं तर कळतं की बसत नव्हतं. पूर्वीच्या हँडल फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार असाच व्हायचा. हँडल उलटं फिरवत वजा करत जायचं, जास्त वजा झालं की बेल वाजायची, मग एकदा सुलटं फिरवून ती रक्कम परत मिळवायची आणि कॅरेज एक घर सरकवायचं. हेच रिस्टोअरिंग.

ते परत मिळवणं टाळता येतं हे इलेक्ट्रॉनिक मशीनच्या अगदी सुरुवातीलाच लोकांना माहीत होतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आलेलं एनिॲक दशमान पद्धतीत चालायचं आणि त्याचा डिव्हायडर नॉन-रिस्टोअरिंगच होता, म्हणजे चिन्ह बदलेपर्यंत वजा करायचं, मग एक घर सरकून चिन्ह परत बदलेपर्यंत मिळवायचं, परत सरकून वजा. तिथे आकडा ॲक्युम्युलेटरमध्येच असायचा, वजाबाकी केली की जुना आकडा गेला, आणि परत हवा असेल तर बेरीज करायलाच लागणार, म्हणजे वेळ जाणार. त्याच वर्षी जूनमध्ये आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनच्या मशीनसाठी जो रिपोर्ट लिहिला त्यात बायनरी भागाकाराच्या या दोन्ही पद्धतींचा विचार आहे आणि निवड नॉन-रिस्टोअरिंगची आहे.

आता आकडे घेऊ. १३ भागिले ३, उत्तर ४ आणि बाकी १ हे आपल्याला माहितीये. खालच्या ट्रेसमध्ये A म्हणजे पाच बिटचा ॲक्युम्युलेटर, ज्यात पार्शल रिमेंडर राहतो (पाचवा बिट चिन्हासाठी), आणि Q मध्ये सुरुवातीला १३ म्हणजे `1101`. भाजक M म्हणजे `00011`, त्याचा टूज कॉम्प्लिमेंट `11101`. आधी रिस्टोअरिंग:

```
     shift A   A-M          q   A         Q
1    00001     11110 (-2)   0   00001     1010
2    00011     00000 ( 0)   1   00000     0101
3    00000     11101 (-3)   0   00000     1010
4    00001     11110 (-2)   0   00001     0100
```

दर स्टेपला A आणि Q एकत्र डावीकडे सरकतात, Q चा वरचा बिट A मध्ये येतो, ३ वजा होतात, मायनस आलं तर भागाकाराचा बिट q शून्य आणि ३ परत मिळवायचे, नाहीतर q एक, आणि हा q दर वेळी Q च्या खालच्या टोकाला बसतो. चार वजाबाक्या झाल्या आणि तीन वेळा परत मिळवावं लागलं, एकूण सात. शेवटी Q मध्ये ४, A मध्ये १.

आता तेच नॉन-रिस्टोअरिंगने. A मायनस असेल तर तसाच मायनस सरकवायचा आणि वजा करायच्या ऐवजी मिळवायचं:

```
     shift A        op    A            q   Q
1    00001 ( 1)     -3    11110 (-2)   0   1010
2    11101 (-3)     +3    00000 ( 0)   1   0101
3    00000 ( 0)     -3    11101 (-3)   0   1010
4    11011 (-5)     +3    11110 (-2)   0   0100
fix                 +3    00001 ( 1)
```

दोन्ही ट्रेस शेजारी ठेवून वजा किंवा मिळवल्यानंतर लगेच आलेले आकडे वाचा. पहिल्यात मायनस २, ०, मायनस ३, मायनस २, आणि दुसऱ्यातही अगदी तेच. हा योगायोग नाही. समजा वजाबाकीनंतर T आला आणि तो मायनस आहे. रिस्टोअरिंगवाला M परत मिळवतो, दुप्पट करतो (सरकवणं म्हणजे दुप्पटच), नवीन बिट b घेतो आणि M वजा करतो:

```
2(T + M) + b - M  =  2T + b + M
```

उजवी बाजू म्हणजे नॉन-रिस्टोअरिंग. आधी मिळवलेला M सरकवल्यावर दोन M झाला, त्यातला एक पुढच्या स्टेपला वजा होणारच होता, तर उरला एक M, मग तोच थेट मिळवा. म्हणजे रिस्टोअर करणं रद्द झालेलं नाही, ते पुढच्या स्टेपच्या वजाबाकीत मिसळून टाकलंय. आणि शेवटच्या स्टेपनंतर मिसळायला पुढची स्टेपच नसते, म्हणून तिथे बाकी मायनस राहिली तर एकदा M मिळवावा लागतो. ती शेवटची fix ची ओळ लोक परीक्षेत हमखास विसरतात, भागाकार बरोबर येतो आणि बाकी मायनस २ लिहून पेपर देतात, खरं तर बाकी मायनस दिसली की तिथेच थांबून विचार करायला हवा.

याकडे अजून एका बाजूने बघता येतं आणि मला ते जास्त आवडतं. दर स्टेपला आपण भाजक एकतर वजा केला किंवा मिळवला, शून्य वेळा असं कधीच नाही, म्हणजे भागाकाराचा खरा अंक अधिक १ किंवा उणे १ आहे. वरच्या ट्रेसमध्ये क्रमाने वजा, मिळव, वजा, मिळव, म्हणजे ८ − ४ + २ − १ = ५. तीन पंचे पंधरा आणि बाकी मायनस २, मिळून १३, हिशोब चोख बसतो. शेवटी ३ मिळवले म्हणजे भागाकार एकने कमी, ४ आणि बाकी १. आपण चिन्ह बघून ० आणि १ लिहीत गेलो म्हणून Q मध्ये ४ आयता मिळाला, त्यामुळे fix ला फक्त बाकी दुरुस्त होते आणि Q ला हात लावायचा नाही.

आता हे हार्डवेअरमध्ये किंवा व्हेरिलॉगमध्ये लिहिताना जो बग सगळ्यात जास्त छळतो तो सांगतो, कारण १३ भागिले ३ सारख्या टेस्टने तो सापडतच नाही. मिळवायचं की वजा करायचं हे सरकवण्याच्या आधीच्या चिन्हावरून ठरवायचं असतं. बरेच जण आधी सरकवतात आणि मग A चा वरचा बिट बघतात. वरच्या ट्रेसमध्ये दोन्हीकडे चिन्ह सारखंच दिसतं त्यामुळे कोड पास होतो. आता १२ भागिले १५ घ्या. पहिली स्टेप, १ वजा १५ म्हणजे मायनस १४, `10010`. हा सरकवून पुढचा बिट १ घेतला की खरी किंमत मायनस २७, पण ती पाच बिटमध्ये मावत नाही आणि रजिस्टरमध्ये दिसतं `00101`, म्हणजे चक्क अधिक ५. चिन्ह आधीचं बघितलं असेल तर आपण १५ मिळवतो, `10100` म्हणजे मायनस १२ येतं आणि ते बरोबर आहे, कारण मधे सांडलेला बिट बेरजेनंतर आपोआप सावरला जातो, उत्तर मायनस M ते M − १ मध्येच असतं आणि तेवढं पाच बिटमध्ये बसतं. चिन्ह नंतरचं बघितलं तर ५ मधून १५ वजा होतात, मायनस १०, आणि तिथून पुढे सगळं वाकडं जाऊन शेवटी भागाकार १ आणि बाकी ९ येते. ओळखायची खूण सोपी आहे, भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून बघा, १५ अधिक ९ म्हणजे २४, आणि आपल्याकडे होते १२. भाजक ८ पर्यंत असेल तर हा बग दिसणारच नाही, ९ पासून पुढेच दिसतो, म्हणून टेस्टबेंचमध्ये सगळे २४० कॉम्बिनेशन्स (शून्य भाजक सोडून) चालवावेत, चार बिटला तेवढं सहज होतं.

आता "फास्ट" या शब्दाचं. बेरजा-वजाबाक्या मोजल्या तर १३ भागिले ३ ला सात विरुद्ध पाच. पण १५ भागिले १ ला दोन्हीकडे चारच, कारण भागाकारात शून्यच नाही, त्यामुळे परत मिळवायची वेळच येत नाही. म्हणजे रिस्टोअरिंगचा वेळ भागाकारात किती शून्यं आहेत त्यावर हलतो, नॉन-रिस्टोअरिंगचा जवळपास ठरलेला. आणि आजच्या सर्किटमध्ये जुना A हरवतच नाही हो, वजाबाकीचं उत्तर आधी वेगळ्या तारांवर येतं, चिन्ह बघायचं, प्लस असेल तरच मल्टिप्लेक्सरमधून A मध्ये घ्यायचं, नाहीतर जुना A तसाच ठेवायचा. परत मिळवायची बेरीजच गायब, आणि दर बिटला एकच वजाबाकी उरते. मग नॉन-रिस्टोअरिंगला मल्टिप्लेक्सर लागत नाही पण भाजकावर एक्सॉर गेट्स लागतात आणि शेवटची दुरुस्ती लागते, तर फायदा उरला किती? चार बिटला तरी फारसा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नोट्समध्ये छापलेलं "फास्ट" हे जुना आकडा पुसून टाकणाऱ्या मशीनच्या काळातलं वाक्य आहे.

तरीही नॉन-रिस्टोअरिंग मागे पडलं नाही, कारण त्यातला उणे अंक पुढे फार उपयोगी पडला. १९५८ च्या सुमारास आयबीएमचे स्वीनी, इलिनॉयचे रॉबर्टसन आणि लंडनचे टोचर हे तिघं आपापले एकाच कल्पनेपर्यंत पोचले, की अधिक १ आणि उणे १ च्या जोडीला ० पण चालू द्यावा. मग बाकी छोटी असेल तर नुसतं सरकवा, ना बेरीज ना वजाबाकी, आणि अंक निवडताना अख्खी बाकी न बघता वरचे थोडे बिट बघितले तरी चालतं, कारण निवड जराशी चुकली तर पुढचा अंक उलट्या चिन्हाचा घेऊन ती भरून काढता येते. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला एसआरटी म्हणतात. पेंटियमने दर स्टेपला दोन बिट काढणारी एसआरटी वापरली, अंक उणे २ ते अधिक २, आणि कुठला अंक घ्यायचा ते एका टेबलमधून. त्या टेबलमधल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या, तिथे अधिक २ असायला हवा होता आणि मिळायचा ०. पुढचा अंक थोडी चूक भरून काढतो, एवढी मोठी नाही, आणि १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना त्यांच्या अविभाज्य संख्यांच्या हिशोबात ती सापडली. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ चं उत्तर १.३३३८२ यायला हवं, त्या चिपवर यायचं १.३३३७४.