एका ‘स्’चा फरक: तिबेटी ‘क्यि’ आणि ‘क्यिस्’

तिबेटी वाचायला शिकणाऱ्याची गल्लत सगळ्यात जास्त कुठे होत असेल, तर षष्ठीचा ‘क्यि’ आणि तृतीयेचा ‘क्यिस्’ यांच्यात. लिहिताना दोघांत एका ‘स्’चा फरक, आणि ल्हासाच्या बोलीत तोही ऐकू येत नाही, कारण शब्दाच्या शेवटचा ‘स्’ तिथे उच्चारतच नाहीत. उच्चाराप्रमाणे छापलेल्या पाठाच्या पुस्तिकांत दोन्ही जागी नुसतं ‘की’ दिसतं. म्हणून खाली तिबेटी लिपीतलं एकेक अक्षर जसंच्या तसं देवनागरीत उतरवलं आहे. ‘छ़’ म्हणजे ‘चांगला’मधला ‘च’, पण श्वास सोडून म्हटलेला. अवग्रह हे तिबेटी ‘अ-छुङ्’ या अक्षराचं चिन्ह समजावं, फक्त षष्ठीच्या चिकटणाऱ्या ‘इ’आधी ते गाळलं आहे.

उताऱ्यासाठी शरणगमन आणि बोधिचित्ताच्या या चार ओळी घेऊ. तिबेटी परंपरेत त्या रोज म्हटल्या जातात. विक्रमशिला विहारातून निघून १०४२ साली पश्चिम तिबेटात पोहोचलेल्या बौद्ध आचार्य अतीशांच्या नावावर परंपरेने त्या दिल्या जातात.

सङ्स्-र्ग्यस् छोस् दङ् छ़ोग्स् क्यि म्छोग् र्नम्स् ल
ब्यङ्-छुब् बर् दु ब्दग् नि स्क्यब्स् सु म्छि
ब्दग् गिस् स्ब्यिन् सोग्स् ब्ग्यिस् पइ ब्सोद्-नम्स् क्यिस्
ऽग्रो ल फन् फ्यिर् सङ्स्-र्ग्यस् ऽग्रुब् पर् शोग्

अर्थ साधारण असा: ‘बुद्ध, धर्म आणि गणांमधील श्रेष्ठ यांना मी बोधीपर्यंत शरण जातो. मी दान इत्यादी करून मिळवलेल्या पुण्याने, जीवांच्या हितासाठी, बुद्धत्व सिद्ध होवो.’

पहिल्या ओळीत ‘छ़ोग्स् क्यि म्छोग्’ आहे. ‘छ़ोग्स्’ म्हणजे गण, ‘म्छोग्’ म्हणजे श्रेष्ठ, आणि मधला ‘क्यि’ त्यांना जोडतो: गणांचा श्रेष्ठ, म्हणजे संघ. तिबेटी वैयाकरण याला ‘ऽब्रेल्-स्ग्र’, संबंध दाखवणारा शब्द, म्हणतात. याला पुढचं नाम लागतं. मराठीत पुढच्या नामाप्रमाणे चा, ची, चे असं रूप बदलतं. तिबेटीत लिंगवचनाशी त्याचं काही देणंघेणं नाही, तो फक्त मागच्या शब्दाचं शेवटचं अक्षर बघतो. ‘द्’, ‘ब्’, ‘स्’ नंतर ‘क्यि’ येतो, ‘ग्’ आणि ‘ङ्’ नंतर ‘गि’, ‘न्’, ‘म्’, ‘र्’, ‘ल्’ नंतर ‘ग्यि’, आणि स्वरान्त शब्दाला नुसता ‘इ’ चिकटतो किंवा सुटा ‘यि’ येतो. ‘छ़ोग्स्’च्या शेवटी ‘स्’ आहे, म्हणून इथे ‘क्यि’.

याच रूपांना ‘स्’ लावला की तृतीया तयार होते: क्यिस्, गिस्, ग्यिस्, यिस्, आणि स्वरान्त शब्दाला नुसता ‘स्’. हिला ‘ब्येद्-स्ग्र’, करणाऱ्याचा शब्द, म्हणतात. तिसऱ्या ओळीत ती दोनदा येते आणि दोन वेगळी कामं करते. ‘ब्दग् गिस्’ म्हणजे ‘मी’, करणारा. ‘ब्सोद्-नम्स् क्यिस्’ म्हणजे ‘पुण्याने’, साधन. मराठी वाचकाला हे लगेच पटतं, कारण आपला ‘ने’ हीच दोन्ही कामं करतो: ‘रामाने कापलं’ आणि ‘विळीने कापलं’. इंग्रजीतून तिबेटी शिकणाऱ्याला जे मुद्दाम समजावून सांगावं लागतं, ते आपल्याला आयतंच मिळालेलं आहे.

पण हीच ओळख दोन ठिकाणी चकवते. मराठीत ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी केलं’, दोन्हीकडे ‘मी’ तसाच राहतो. तिबेटीत मात्र फरक उघड दिसतो. दुसऱ्या ओळीत ‘म्छि’, म्हणजे ‘जातो’, हे अकर्मक क्रियापद आहे, म्हणून तिथे ‘ब्दग्’ला तृतीया नाही. त्याच्यामागचा ‘नि’ विभक्ती नव्हे. तो ‘मी तर’ असा फक्त रोख देतो. तिसऱ्या ओळीत ‘करणं’ हे सकर्मक क्रियापद आलं आणि तोच ‘ब्दग्’ लगेच ‘गिस्’ घेऊन आला. दुसरं म्हणजे, मराठीत कर्त्याचा ‘ने’ मुख्यतः भूतकाळात दिसतो, ‘रामाने खातो’ असं आपण म्हणत नाही. तिबेटीत वर्तमानकाळातही कर्ता तृतीयेत येऊ शकतो, तेव्हा ‘गिस्’ दिसला की क्रिया भूतकाळातली, असं गृहीत धरू नये.

आता ‘गिस्’मधला ‘स्’ काढून बघा. ‘ब्दग् गि’ झालं की ते षष्ठीचं रूप होतं, ‘माझं’, आणि वाचणारा लगेच पुढचं नाम शोधतो: ‘माझं दान इत्यादी’. ‘स्’ असताना तो नामावर न थांबता क्रियापदापर्यंत जातो: मी… दान इत्यादी… केलेलं. वाचताना हीच खूण धरावी. ‘इ’ने संपणारं रूप आलं की जवळचं नाम बघायचं, ‘स्’ने संपणारं आलं की पुढचं क्रियापद. ‘क्यिस्’चं क्रियापद तर याच ओळीत नाही, चौथ्या ओळीतलं ‘ऽग्रुब्’, म्हणजे ‘सिद्ध होणं’, हे ते क्रियापद. पुण्याने सिद्ध होवो. ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं मानलं, तर ‘पुण्याने’ अधांतरी लोंबकळत राहतं.

‘ब्ग्यिस् पइ’ जरा थांबून वाचावं. ‘ब्ग्यिस्’मध्येही शेवटी ‘स्’ आहे, पण तो विभक्तीचा नाही. ‘ब्ग्यिद्’ हे ‘करणं’चं विनम्र क्रियापद आहे. त्याचं वर्तमान ‘ब्ग्यिद्’, भूत ‘ब्ग्यिस्’, भविष्य ‘ब्ग्यि’ आणि आज्ञार्थ ‘ग्यिस्’. म्हणजे इथला ‘स्’ भूतकाळ दाखवतो. आज्ञार्थाचं ‘ग्यिस्’ तर अक्षरशः तृतीयेच्या ‘ग्यिस्’सारखं लिहितात. ‘ब्सम् पर् ग्यिस्’ म्हणजे ‘विचार कर’. मागे ‘र्’ आहे, म्हणून नियमाप्रमाणे इथे तृतीयाच आहे असं वाटतं. पण ‘पर्’मधला ‘र्’ हा स्वतःच विभक्तीचा प्रत्यय आहे, त्यामुळे ‘ग्यिस्’ इथे तृतीया असूच शकत नाही.

‘प’ लागला की क्रियापदाचं नाम किंवा विशेषण होतं: ‘ब्ग्यिस् प’, केलेलं. त्याला ‘इ’ लागून ‘पइ’ झालं आणि तो पुढच्या ‘ब्सोद्-नम्स्’ला जोडला गेला. इथे ‘पइ’ऐवजी ‘पस्’ असतं, तर अर्थ ‘केल्यामुळे’ असा कारणाकडे वळला असता. ल्हासाच्या उच्चारात हे दोन्ही जवळपास सारखेच, ‘पे’ असे ऐकू येतात, म्हणून नुसतं पाठांतर ऐकून यातलं कुठलं रूप आहे ते ठरवता येत नाही.

शेवटचा ‘शोग्’ मुळात ‘ये’ या अर्थाचा आज्ञार्थ आहे. ‘पर्’नंतर आला की तो ‘होवो’ असा आशीर्वादार्थ देतो.

पद्यात प्रत्यय गळतात, हेही याच उताऱ्यात दिसतं. प्रत्येक ओळीत ९ अक्षरगट आहेत, आणि ‘पइ’ त्यात एकच धरला जातो. चौथ्या ओळीत गद्यात ‘फन् पइ फ्यिर्’, हिताच्या साठी, असं आलं असतं. ९ची मर्यादा पाळण्यासाठी ‘पइ’ गाळून ‘फन् फ्यिर्’ केलं आहे. ‘ऽग्रो ब’, म्हणजे जीव, याचंही त्याच कारणाने नुसतं ‘ऽग्रो’ झालं. अशा ठिकाणी षष्ठी दिसत नसली तरी ‘फ्यिर्’वरून ती आहे असं धरायचं. उलट एखाद्या ओळीत एक गट कमी पडला, तर स्वरान्त शब्दाला चिकटणाऱ्या ‘इ’ऐवजी कवी सुटा ‘यि’ लिहितो आणि मोजणी पूर्ण करतो.