माहितीपटातील गाण्याची परवानगी: पत्रात काय लिहून घ्यावे

माहितीपट महोत्सवाकडे पाठवताना त्यातील संगीताचे हक्क आपण मिळवले आहेत, असे सहसा लेखी द्यावे लागते आणि अनेक जण तेथेच अडतात. गाण्यांची यादी आणि प्रत्येकाची सेकंदांतील लांबी लिहून काढणे हे एका दुपारचे काम आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

एका गाण्यात ध्वनिमुद्रण, शब्द आणि चाल यांचे हक्क वेगवेगळे असतात. समजा, १९५५ साली निघालेल्या तबकडीवरचे ग. दि. माडगूळकरांचे गीत वापरायचे आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा असल्याने तो २०१५ अखेर संपला. शब्दांवरचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून त्यांचे शब्द ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत संरक्षित आहेत. चालीचा हिशेब संगीतकाराच्या मृत्युवर्षावरून स्वतंत्रपणे करावा लागतो आणि परदेशातील मुदत त्या त्या देशाच्या कायद्याने ठरते.

हक्क कंपनीकडे गेलेले नसून वारसांकडे असतील, तर एकाच मुलाची सही आणून थांबू नये. सहमालकांपैकी एकाने इतरांच्या संमतीशिवाय दिलेली परवानगी टिकत नाही. वारस कोण कोण आहेत याचा कागद बहुतेक कुटुंबांनी कधी काढलेलाच नसतो, त्यामुळे ही विचारणा संकलन पूर्ण होण्याची वाट न पाहता सुरू करावी.

सर्वांत जास्त नुकसान होते ते ‘गाणे वापरण्यास आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीच्या पत्राने. कॉपीराइट कायद्याच्या हक्क-हस्तांतरणाबाबतच्या कलम १९ नुसार, आणि परवान्यांनाही ते लागू असल्याने, पत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर परवानगी भारतापुरती मानली जाते. म्हणजे परदेशातील पहिल्याच महोत्सवाला ते पत्र अपुरे ठरते. महोत्सवांचा काळ एक-दोन वर्षांत सरतो, परंतु महाविद्यालये आणि संग्रहालये सहाव्या-सातव्या वर्षीही माहितीपट मागतात आणि तोवर परवानगी संपलेली असते. ही बाब कोणी आधी सांगत नाही, याची मनापासून चीड येते. म्हणून गाण्याचे नाव, वापरलेले सेकंद, ‘जगभर’, ‘हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी’ आणि ‘महोत्सव तसेच शैक्षणिक व संस्थात्मक प्रदर्शन’ हे शब्द पत्रात स्पष्ट असावेत. ऑनलाइन महोत्सवाचा उल्लेखही वेगळा करून घ्यावा.

गाण्याच्या परवानगीबद्दल विचारले की सभागृहाकडे आयपीआरएस किंवा पीपीएल या संगीताचे परवाने देणाऱ्या संस्थांचा परवाना आहे, असे उत्तर आयोजकांकडून मिळते. तो परवाना जाहीरपणे संगीत वाजवण्याचा आहे. गाणे चित्रपटात जोडण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. शिक्षणसंस्थेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरत्या खेळाला कायद्यात सवलत आहे, पण तीही दाखवण्यापुरतीच आहे.