भाकरी आणि चंद्र यांच्यामधल्या पाच फ्रेम

तव्यावरची भाकरी आणि कोजागरीचा चंद्र, अशा दोन क्लिप माझ्या फोनमध्ये होत्या. एका दृश्यातल्या आकारावरून दुसऱ्यातल्या तशाच आकारावर थेट जाणं म्हणजे मॅच कट. एकीला लागून दुसरी ठेवली की तो झाला, असं मी धरून चाललो होतो. पण गोलाला गोल असूनही सांधा खटकत होता. भाकरी पडद्याच्या मधोमध होती आणि चंद्र उजव्या कोपऱ्यात.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका नजरेत खरोखर स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. बाकीचं चित्र डोळा उड्या मारत गोळा करतो. नवी वस्तू दुसरीकडे उगवली, तर तिकडे उडी घ्यायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पाच फ्रेम प्रेक्षक रिकाम्या आकाशाकडे बघत बसतो. खटकत होतं ते हेच.

उपाय सोपा निघाला. चंद्राची क्लिप भाकरीच्या वरच्या ट्रॅकवर टाकली, तिची ओपॅसिटी ५० टक्के केली आणि दोन्ही कडा एकमेकींवर बसेपर्यंत चंद्र सरकवला, मोठा केला. मग ओपॅसिटी पुन्हा १०० करून थेट कट मारला. मोठं करण्यालाही मर्यादा आहे. ४के क्लिप १०८०पीच्या टाइमलाइनवर दुपटीपर्यंत वाढवता येते, त्यापुढे चित्र फुटतं. जुळलं की नाही ते बघायला भाकरीच्या शेवटच्या फ्रेमवर बोट ठेवायचं आणि एक फ्रेम पुढे जायचं. चंद्र बोटाखाली आला पाहिजे.

ही जोडी जमली त्याला आणखी एक कारण होतं. काळ्या तव्यावर फिकट गोल, काळ्या आकाशात फिकट गोल. भर उन्हातल्या ढोलाचं पान तिसरं म्हणून लावलं, तर आकार तंतोतंत बसूनही डोळे दिपले. ते काढलं.

त्याऐवजी सायकलचं चाक घेतलं, पण ते चंद्रानंतर नाही, भाकरीच्या आधी. परातीत थापताना भाकरी गोल फिरते. चाक फिरत असतानाच कापलं की लक्ष गतीवर राहतं आणि कट जाणवत नाही. फक्त दोन्ही एकाच दिशेने फिरायला हवीत. माझं चाक उलटं फिरत होतं, म्हणून क्लिप आडवी पलटवली. पलटवताना मागची दुकानाची पाटीही उलटी झाली, ती फ्रेमबाहेर जाईल इतकं चित्र वाढवावं लागलं.

आकार, जागा, गती हे सगळं डोळ्यासाठी झालं. अर्थ मात्र क्रमातून येतो. चाक, परात, तवा, चंद्र असं लावलं, तर कुणीतरी दिवसभर राबून घरी येऊन जेवलं आणि निवांत झालं, असं वाटतं. चंद्र आधी आणि भाकरी नंतर ठेवली, तर तोच चंद्र भुकेल्या माणसाचा होतो. भाकरी-चंद्राची जोडी मराठी कवितेला नवी नाही, त्यामुळे आपल्याकडे हा दुसरा अर्थ चटकन लागतो. मी दोन्ही क्रम बहिणीला दाखवले. दुसरा पाहून तिने विचारलं, "हा माणूस जेवला की नाही?" क्लिपमध्ये माणूस कुठेच नव्हता.