टप्प्यापर्यंतच्या सोळा फ्रेम: टीव्हीवरच्या चित्रातून चेंडूचा वेग

वेगवान गोलंदाजाचा चेंडू टीव्हीवर पाहताना एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हातातून सुटल्यापासून टप्पा पडेपर्यंत तो पडद्यावर जवळजवळ जागचा हलत नाही. ताशी १४० किलोमीटरने धावणारी वस्तू चित्रात मात्र काही पिक्सेलच सरकते. कारण मुख्य कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागे उंचावर असतो. समजा तो खेळपट्टीकडे १० अंशांच्या उताराने पाहतो आहे. चांगल्या लेंग्थचा चेंडू २.१ मीटर उंचीवरून सुटून साधारण १२ मीटरवर टप्पा घेतो, म्हणजे त्याच्याही वाटेचा सरासरी उतार १० अंशांच्या आसपास येतो. चेंडू आपल्या नजरेच्या रेषेवरूनच दूर जात असतो. कॅमेरा याहून खाली असला तर चेंडू पडद्यावर खाली सरकतो, वर असला तर वर सरकतो. पुढे किती गेला हे मात्र दोन्ही वेळा लपूनच राहते.

म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये चेंडू खेळपट्टीवर कुठे आहे हे मोजून वेग काढण्याचा सरळ मार्ग इथे फसतो. चेंडूच्या दिसणाऱ्या आकारावरून अंतर काढावे, तर तेही जमत नाही. चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर, म्हणजे सुटताना चित्रात सुमारे १७ पिक्सेल. टप्प्यापर्यंत जाताना तो जेमतेम अडीच-तीन पिक्सेलने लहान होतो आणि कडा धूसर असल्याने मोजण्यातच एक पिक्सेलची चूक होते. तेवढ्याने अंतर चार-पाच मीटरने हुकते.

खात्रीने सांगता येतील असे दोनच क्षण उरतात. एक चेंडू सुटण्याचा, कारण तेव्हा गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर असतो आणि पायाची जागा मोजता येते. दुसरा टप्प्याचा, कारण तेव्हा चेंडू स्वतःच जमिनीवर असतो. या दोन क्षणांमधले अंतर आणि वेळ नेमकी काढणे हेच सगळे काम आहे. टप्प्यानंतरच्या प्रवासाचा उपयोग नाही. टप्प्यावर चेंडू किती वेग गमावतो हे खेळपट्टीगणिक बदलते.

आधी क्लिपचे घड्याळ तपासावे. अनेक प्रक्षेपणे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमची असतात, पण हाती येणारी क्लिप बऱ्याचदा ३० फ्रेममध्ये बदललेली असते. २५ च्या ३० केल्या की दर पाच फ्रेमनंतर एका फ्रेमची नक्कल घुसते. चेंडू तसाही हलत नसल्याने ती चेंडूवरून ओळखू येत नाही, गोलंदाजाच्या हातापायांकडे पाहावे. ते एखाद्या फ्रेममध्ये गोठलेले दिसले तर ती नक्कल समजावी. प्रत्येक फ्रेमची वेळ अशी मिळते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 clip.mp4
```

हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर चित्र इंटरलेस्ड आहे. २५ फ्रेमच्या अशा चित्रात प्रत्यक्षात ५० क्षण दडलेले असतात आणि ते वेगळे करता येतात:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf bwdif=mode=send_field out.mp4
```

यामुळे वेळेची अचूकता दुप्पट होते, त्यामुळे हा खटाटोप टाळू नये. स्लो मोशन रिप्लेवरून मात्र वेळ कधीही मोजू नये. तो किती पटीने संथ केला आहे हे चित्रावर लिहिलेले नसते.

आता अंतर. क्रिकेटच्या नियमांनी इथे मोठी सोय केली आहे. दोन्हीकडच्या यष्ट्यांमध्ये २०.१२ मीटर, यष्ट्यांपासून पॉपिंग क्रीज १.२२ मीटर पुढे, रिटर्न क्रीज मधल्या यष्टीच्या दोन्ही बाजूंना १.३२ मीटरवर आणि यष्टीची उंची ७१.१ सेंटिमीटर. पॉपिंग क्रीज आणि रिटर्न क्रीज जिथे मिळतात ते दोन्ही टोकांचे मिळून चार कोपरे घेतले की चित्रातला जमिनीवरचा कोणताही बिंदू खेळपट्टीवरच्या मीटरमध्ये बदलता येतो. या गणिताला होमोग्राफी म्हणतात आणि ते करून देणारी तयार फंक्शन्स सहज मिळतात. क्रीज म्हणजे पांढऱ्या पट्ट्याची यष्ट्यांकडची कड, पट्ट्याचा मध्य नव्हे. रिटर्न क्रीजची आतली कड धरायची. पट्ट्याच्या मध्यावर खूण केली तर दोन-तीन सेंटिमीटरची चूक सुरुवातीलाच शिरते.

हे रूपांतर फक्त जमिनीवरच्या गोष्टींना लागू पडते. २.१ मीटर उंचीवरच्या चेंडूला ते लावले तर उत्तर तब्बल १२ मीटर पुढचे येते, म्हणजे हातातला चेंडू थेट टप्प्याच्या जागी दिसू लागतो. शिवाय चेंडू सुटताच कॅमेरामन कॅमेरा किंचित हलवतो किंवा झूम करतो. म्हणून सुटण्याच्या आणि टप्प्याच्या फ्रेमसाठी कोपरे वेगवेगळे टिपावेत. जमले की नाही हे पाहण्यासाठी गणितात न वापरलेली एखादी खूण तपासावी. फलंदाजाकडच्या मधल्या यष्टीचा पाया शून्य मीटरच्या पाच सेंटिमीटर आत आला पाहिजे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. ५० फ्रेमची क्लिप आहे. टप्पा फलंदाजाच्या यष्ट्यांपासून ६.५ मीटरवर पडला. तिथे खेळपट्टीचा एक मीटर चित्रात सुमारे ३५ पिक्सेल व्यापतो. म्हणजे टप्प्याची खूण तीन पिक्सेलने चुकली तरी दहा सेंटिमीटरहून कमीच फरक पडेल. सुटण्याची जागा आडव्या कॅमेऱ्याच्या रिप्लेवरून घ्यावी. धावबादसाठी लावलेला कॅमेरा पॉपिंग क्रीजच्या सरळ रेषेत असतो, त्यामुळे हात क्रीजच्या किती पुढे होता ते त्यात स्वच्छ दिसते. रिप्ले संथ असला तरी जागा मोजायला हरकत नाही. आपल्या उदाहरणात हात क्रीजच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे, म्हणजे फलंदाजाच्या यष्ट्यांपासून १८.६ मीटरवर. प्रवास १२.१ मीटरचा झाला.

खरी अडचण वेळेची आहे. शून्य क्रमांकाच्या फ्रेममध्ये चेंडू हातात आहे, एक क्रमांकात सुटलेला आहे. टप्पा १६ आणि १७ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. नुसत्या फ्रेम मोजून १६ धरल्या तर सरासरी वेग ताशी १३६ किलोमीटर येतो, १७ धरल्या तर १२८. सगळे करूनही आठ किलोमीटरची अनिश्चितता उरत असेल तर मेहनत वाया गेली. म्हणून फ्रेमच्या आतला क्षण शोधावा लागतो.

टप्प्याच्या बाबतीत ते सोपे आहे. चेंडूची चित्रातली उभी जागा वरच्या कडेपासून मोजली. १४, १५, १६ या फ्रेममध्ये ती ६०२, ६०७, ६१२ आहे, म्हणजे चेंडू दर फ्रेमला ५ पिक्सेल खाली येतो आहे. १७, १८, १९ मध्ये ५९५, ५५७, ५१९, म्हणजे टप्प्यानंतर दर फ्रेमला ३८ पिक्सेल वर. दोन्ही सरळ रेषा वाढवल्या की त्या १६.४९ ला छेदतात. टप्पा तिथे पडला.

सुटण्याचा क्षण अवघड आहे, आणि घाईने केलेले मोजमाप बहुतेक वेळा इथेच बिघडते. चेंडू आणि मनगट यांच्यातले अंतर मोजावे. हातात असताना ते २० पिक्सेल आहे. पहिल्या फ्रेममध्ये ४५, दुसऱ्या फ्रेममध्ये ८१, म्हणजे फ्रेममागे ३६ ने वाढते आहे. ४५ वरून मागे २० पर्यंत यायला ०.६९ फ्रेम लागते, तेव्हा चेंडू ०.३१ ला सुटला. हात वळणाने खाली जातो, म्हणून सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन फ्रेमपलीकडे ही रेषा ताणू नये.

एकूण १६.१८ फ्रेम, म्हणजे ०.३२३६ सेकंद. सरासरी वेग सेकंदाला ३७.४ मीटर, ताशी १३४.६ किलोमीटर. पण पडद्यावर दाखवतात तो सुटतानाचा वेग असतो आणि हवा चेंडूला सतत मागे ओढत असते. चेंडूचे वजन, आकार आणि हवेची घनता धरून हिशेब केला तर दर मीटरला साधारण ०.७ टक्के वेग जातो. १२.१ मीटरच्या सरासरीवरून सुरुवातीचा वेग काढायला १.०४४ ने गुणावे लागते. मिळाले १४०.५. हा फक्त खेळपट्टीच्या दिशेचा वेग आहे. चेंडू सुमारे ७ अंश खालीही जात होता, त्यामुळे आणखी पाऊण टक्का वाढतो. उत्तर ताशी १४१.५ किलोमीटर. हवेची दुरुस्ती विसरली की आकडा प्रक्षेपणातल्या आकड्यापेक्षा प्रत्येक चेंडूला पाच-सात किलोमीटरने कमी येत राहतो. सगळ्या चेंडूंना सारखाच कमी येत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा. फरक कधी कमी, कधी जास्त असा उडत असेल तर दोष फ्रेम निवडण्यात आहे.

आता रिलीज पॉइंटची उंची. १८.६ मीटरच्या रेषेवर चेंडूच्या बरोबर खालचा जमिनीवरचा बिंदू होमोग्राफीने चित्रात शोधावा आणि तिथून चेंडूपर्यंतचे उभे अंतर पिक्सेलमध्ये मोजावे. समजा ते ५०४ आले. एका सेंटिमीटरला किती पिक्सेल, हे यष्टीच्या उंचीवरून ठरते. गोलंदाजाकडच्या यष्ट्या पंचांच्या आड जातात, म्हणून पंच बाजूला असतानाची फ्रेम वापरावी किंवा फलंदाजाकडच्या यष्ट्यांवरून अंतराच्या प्रमाणात मोजपट्टी बदलून घ्यावी. इथे ती सेंटिमीटरला २.४ पिक्सेल धरली तर उंची २१० सेंटिमीटर येते. सुटण्याची जागा पुढेमागे ३० सेंटिमीटरने चुकली तर ही उंची सुमारे पाच सेंटिमीटरने बदलते. डावी-उजवी बाजू त्याहून विश्वासार्ह असते, कारण कॅमेरा साठ मीटर लांब असताना पुढेमागेच्या चुकीने ती जवळजवळ हलतच नाही. गोलंदाज यष्ट्यांच्या जवळून टाकतो आहे की क्रीजच्या कोपऱ्यातून, हे मागच्या कॅमेऱ्यावरून निर्धास्तपणे सांगता येते. त्याचा हात पुढे किती जातो, हे आडव्या कॅमेऱ्याशिवाय सांगू नये.

चूक किती धरावी? दोन्ही क्षण मिळून ०.३ फ्रेम, म्हणजे वेळेत जवळपास दोन टक्के. अंतरात वीसएक सेंटिमीटर, म्हणजे तेही पावणेदोन टक्के. दोन्ही मिळून ताशी चार किलोमीटर कमी-जास्त. १४१ आणि १४३ मधला फरक या पद्धतीने सांगता येत नाही. १४१ च्या गोलंदाजाने मध्येच टाकलेला ११८ चा संथ चेंडू मात्र लगेच पकडता येतो.

लेंग्थ आखूड झाली की चूक वाढते. टप्पा यष्ट्यांपासून दहा मीटरवर पडणारा बाउन्सर ०.२३ सेकंदात जमिनीला लागतो. तिथे ५० फ्रेमच्या क्लिपमध्येही एक फ्रेम म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. यॉर्करला मात्र प्रवास लांब असल्याने मोजमाप सर्वांत चांगले उतरते, फक्त बुटात किंवा बॅटवर आदळलेला चेंडू टप्पा समजून बसू नये. फुल टॉसला टप्पाच नसतो. बॅट लागली तो क्षण आवाजावरून मिळेल असे वाटते, पण स्टंप माइकचा आवाज आणि चित्र प्रक्षेपणात एक-दोन फ्रेमने मागेपुढे झालेले असू शकतात, आणि बॅट नेमकी किती पुढे होती हे मागच्या कॅमेऱ्यावरून कळत नाही. असा चेंडू यादीतून वगळावा.