सर्पदंशाच्या लशीची मात्रा आणि उंदरावरची चाचणी : पार्श्वभूमी

मराठवाड्यात कापूस-तुरीच्या रानात किंवा रात्रीच्या पाळीवर पाणी देताना कुणाला 'पान लागले' की त्याला घेऊन लोक ग्रामीण रुग्णालय गाठतात. तिथे डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिली रक्त घेतात आणि नळी न हलवता २० मिनिटे तशीच ठेवतात. त्यानंतर नळी कलती केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया मोडली आहे, म्हणजे दंश बहुधा घोणस किंवा फुरशाचा आहे, असे धरले जाते. (नळी प्लॅस्टिकची असली तर निष्कर्ष चुकतो, काचेचा पृष्ठभागच रक्त गोठायला चालना देतो.) मग लशीच्या साधारण १० कुपी शिरेतून दिल्या जातात आणि सहा तासांनी नळीची तपासणी पुन्हा होते.

हा दहाचा आकडा आला कुठून? घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे मोजले गेले आहे. भारतीय मानकानुसार एक मिली लशीने घोणशीचे किमान ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे. म्हणजे दहा मिलीची एक कुपी सहा मिलिग्रॅम आणि दहा कुप्या साठ मिलिग्रॅम विष आवरतात. यातला ०.६ हा आकडा उंदरांवर ठरतो, आणि प्राण्यांवरील प्रयोगांचा वाद इथेच येऊन भिडतो.

फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून नागाच्या विषावरचे पहिले औषध तयार केले. ते सगळ्याच सापांवर चालेल अशी त्यांची समजूत होती. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन आणि भारतात जॉर्ज लॅम्ब यांच्या प्रयोगांनी ती खोटी ठरवली. आपली लस आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे अशा चौघांवर मिळून बनते, ती या धड्यामुळे. पुढे १९२७ मध्ये जॉन ट्रेव्हन यांनी ज्या मात्रेत निम्मे प्राणी मरतात ती मात्रा हे औषधाची ताकद मोजण्याचे परिमाण म्हणून मांडले.

लशीची चाचणी अजून त्याच पायावर उभी आहे. आधी विषाची ही मात्रा काढतात. मग तिच्या काही पट विषात लशीचे वेगवेगळे प्रमाण मिसळून मिश्रण अर्धा तास ३७ अंशांवर ठेवतात आणि उंदरांच्या शेपटीतल्या शिरेतून देतात. किती जगले, किती मेले, हे ठरलेल्या तासांनी मोजतात. समजा प्रत्येक विषासाठी लशीची पाच प्रमाणे आणि प्रत्येक प्रमाणाला पाच उंदीर धरले, तर चार विषांसाठी एका खेपेला शंभर उंदीर लागतात.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की कमी ताकदीची खेप बाहेर पडली तर ते रुग्णाच्या खाटेपाशीच कळणार, आणि तोवर उशीर झालेला असणार. रक्तावरचा परिणाम नळीत पाहता येतो, पण मण्यारीचे विष चेता आणि स्नायूंचा संपर्क तोडून श्वास थांबवते. तो परिणाम काचेच्या नळीत पूर्णपणे उतरत नाही.

विरोधकांचा पहिला मुद्दा वेदनेचा आहे: उंदीर इथे गुदमरून किंवा रक्तस्रावाने मरतो आणि त्याच्या मृत्यूलाच मोजमाप केलेले आहे. दुसरा मुद्दा शास्त्राचा आहे, आणि मला तो अधिक अडचणीचा वाटतो. शेतात विष आणि लस आधी मिसळलेली नसतात; विष अंगात भिनल्यावर काही तासांनी लस मिळते. शिवाय चाचणीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते आणि सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे तिथल्या विषावर उत्तीर्ण झालेली लस इथल्या घोणशीवर तितकीच चालेल, याची हमी ०.६ हा आकडा देत नाही. मात्र प्रदेशागणिक लस कमी पडते हे संशोधकांनी दाखवले, तेही उंदरांवरच्याच चाचण्यांतून.

कायद्याने मधली वाट धरली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकानंतर सरकारनेच १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणला. प्राण वाचवण्यास उपयोगी ज्ञानासाठीचे प्रयोग त्याने बेकायदा ठरवले नाहीत, पण त्यांवर देखरेख समिती नेमण्याची तरतूद केली. १९९८ च्या नियमांनंतर प्रत्येक प्रयोगशाळेच्या नीती समितीत शास्त्रज्ञ नसलेला एक सदस्यही बसतो. तोंडावाटे देण्याच्या रसायनांसाठीची निम्म्या मृत्यूंची जुनी चाचणी ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २००२ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेतून वगळली आणि भारताच्या औषध नियमांनी २०२३ मध्ये प्राण्यांविना पद्धतींना जागा दिली.

लशीबाबत आता दोन्ही बाजूंचे अभ्यासक पायरीपायरीने जाण्याबद्दल बोलतात: लशीतली प्रतिद्रव्ये विषाला किती चिकटतात आणि रक्त गोठणे किती आवरते, हे आधी नळीत तपासायचे, त्यात नापास झालेली खेप उंदरांपर्यंत जाऊच द्यायची नाही, आणि उंदीर लागलेच तर मरणाची वाट न पाहता ठरावीक लक्षण दिसताच त्याला वेदनेविना मारायचे. घोणस आणि फुरशाच्या बाबतीत या वाटेवर बरेच पुढे जाता येईल. नाग आणि मण्यारीचे उत्तर काचेच्या नळीत मिळणे अधिक कठीण आहे.